पैसे गेले, पण बिल बाकीच: रात्री 11:52 ला केलेल्या एका भरण्याचं प्रकरण

आत्याचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. "अरे, मी बिल भरलंय. बँकेचा मेसेज आहे, ॲपवर हिरवी खूण आहे. आणि वीज कंपनी म्हणतेय बाकी आहे. वर दंडपण लावलाय. आता वीज तोडतील का रे?"

बिल 3,480 रुपयांचं होतं आणि भरण्याची शेवटची तारीख होती 18. तिने ते 18 तारखेलाच, पण रात्री 11 वाजून 52 मिनिटांनी भरलं होतं. 20 तारखेला सहज म्हणून वीज कंपनीच्या संकेतस्थळावर ग्राहक क्रमांक टाकून पाहिलं, तर देय रक्कम दिसली 3,520. फोन त्यानंतरचा.

मी बरीच वर्षं ऑनलाइन भरण्यांचा ताळमेळ बसवण्याचं काम करतो. दिवसाअखेर एका बाजूला बँकेतून गेलेले पैसे आणि दुसऱ्या बाजूला बिलं घेणाऱ्या कंपनीकडे झालेल्या नोंदी ठेवायच्या, आणि न जुळलेल्या ओळी एकेक करून सोडवायच्या. आत्याचं प्रकरण अशाच एका न जुळलेल्या ओळीचं होतं. ते तपशिलात लिहून ठेवतोय, कारण घाबरलेला माणूस अशा वेळी साधारण दोन गोष्टी करतो, लगेच दुसऱ्यांदा भरतो किंवा कुठल्यातरी नंबरवर फोन लावतो, आणि दोन्हींमुळे गुंता वाढतो.

एक भरणा, तीन प्रवास

ॲपवर आपण एकदाच बटण दाबतो, पण आत तीन वेगळ्या गोष्टी घडतात. पहिली, आपल्या खात्यातून पैसे वजा होतात. दुसरी, 'या ग्राहक क्रमांकाचं अमुक रकमेचं बिल भरलं' हा निरोप वीज कंपनीपर्यंत जातो आणि तिची पोच परत येते. तिसरी, प्रत्यक्ष पैसे बँकांमधून वीज कंपनीच्या खात्यात पोचतात आणि कंपनी आपल्या बिलाच्या खात्यात ते जमा दाखवते.

भारतात बहुतेक ॲप हा निरोप 'भारत कनेक्ट'मधून पाठवतात. पूर्वी याच व्यवस्थेला भारत बिल पेमेंट सिस्टिम, म्हणजे बीबीपीएस म्हणत. यात मधे दोन संस्था असतात: एक ग्राहकाच्या, म्हणजे ॲपच्या बाजूची आणि दुसरी वीज कंपनीच्या बाजूची. दोघींना जोडणारं केंद्र यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची उपकंपनी चालवते आणि सगळ्यावर रिझर्व्ह बँकेचं नियमन असतं. म्हणजे ॲप आणि वीज कंपनी यांच्यात थेट तार नसते, निरोप हातोहात जातो. ज्या हातात तो अडकला, तिथेच जाऊन विचारावं लागतं.

बँकेचा मेसेज फक्त पहिल्या गोष्टीचा पुरावा असतो. ॲपवरची हिरवी खूण पहिल्या दोन गोष्टींची. तिसरी पूर्ण झाली की नाही हे वीज कंपनीच्या खात्यातच दिसतं. म्हणून "माझे पैसे गेलेत" हे आत्याचं म्हणणं आणि "आमच्याकडे बिल बाकी आहे" हे कंपनीचं म्हणणं, दोन्ही एकाच वेळी खरी होती. कोणीच खोटं बोलत नव्हतं. मी तिला सगळ्यात आधी हेच सांगितलं, कारण तोवर तिला फसवलं गेल्यासारखं वाटत होतं.

पावती नीट वाचली तेव्हा

तिला म्हटलं, ॲपमधली पावती उघड आणि सगळी मला वाचून दाखव. रक्कम नको, त्याखालची बारीक अक्षरं वाच.

सुरुवात ग्राहक क्रमांकापासून केली. कागदी बिल एका हातात, फोन दुसऱ्या हातात, आणि एकेक आकडा मोठ्याने. हे मी दर वेळी करतो. ॲपमध्ये जुन्या भाड्याच्या घराचा, भावाचा, कधी सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा क्रमांक साठवलेला असतो आणि घाईत त्यावर बोट पडतं. तसं झालं असेल तर भरणा अगदी यशस्वी झालेला असतो, फक्त दुसऱ्याच्या बिलाचा. मग ॲपची चूक नसते आणि पैसे परत मागायचा मार्गही वेगळा होतो: वीज कंपनीला दोन्ही क्रमांक देऊन रक्कम वळती करायची विनंती करावी लागते. आत्याचा क्रमांक बरोबर होता. नावही तिचंच दिसत होतं.

मग व्यवहाराचे क्रमांक. पावतीवर दोन होते आणि तिला ते एकाच गोष्टीचे वाटत होते. एक बारा आकडी, 'UTR' असं लिहिलेला. हा यूपीआयचा, म्हणजे पैसे खात्यातून गेल्याचा क्रमांक. दुसरा अक्षरं-आकडे मिसळलेला आणि लांबलचक, 'B-Connect Txn ID' असं लिहिलेला. हा बिलाच्या निरोपाचा. बँकेशी बोलताना पहिला लागतो, ॲप आणि वीज कंपनीशी बोलताना दुसरा. तिने आदल्या दिवशी कंपनीच्या मदत क्रमांकावर पहिलाच सांगितला होता आणि पलीकडून "असा भरणा दिसत नाही" असं उत्तर आलं होतं. ते उत्तर चुकीचं नव्हतं, बारा आकडी क्रमांकावरून त्यांना काही सापडलंच नव्हतं.

दुसरा क्रमांक पावतीवर असणं ही मोठी गोष्ट होती. काही वेळा लोक बिलाच्या विभागात न जाता, कोणीतरी दिलेल्या क्यूआर कोडवर किंवा यूपीआय पत्त्यावर रक्कम पाठवतात आणि टिपणात 'लाइट बिल' लिहितात. तशा भरण्यात ग्राहक क्रमांक पुढे जातच नाही, त्यामुळे हा दुसरा क्रमांकही तयार होत नाही. तिथे मुळात बिल भरलंच गेलेलं नसतं.

शेवटी वेळ. पावतीवर भरण्याची वेळ रात्री 11:52 होती. पण ॲपमधल्या त्याच व्यवहाराचा तपशील उघडल्यावर तीन टप्पे दिसले: 11:52 ला पैसे वजा, 11:52 ला 'Processing', आणि 12:06 ला 'Success'. म्हणजे कंपनीकडची पोच चौदा मिनिटांनी आली होती, आणि मधे तारीख बदलली होती.

माझ्यासाठी प्रकरण इथेच उलगडलं. शेवटच्या तारखेच्या रात्री भरणाऱ्यांची गर्दी असते, पोच यायला वेळ लागतो, आणि बाराच्या सुमाराला दिवसाची यादी बंद होते. आत्याचा भरणा 18 तारखेचा होता, त्याची पोच 19 तारखेची. अशी ओळ ना 18 च्या यादीत सापडते ना 19 च्या यादीशी जुळते, आणि ती 'सस्पेन्स'मध्ये जाऊन बसते. सस्पेन्स म्हणजे पैसे आलेत पण कोणत्या खात्यात टाकायचे हे ठरलेलं नाही, अशा रकमांचा कप्पा. तिथून ओळ बाहेर काढायला कोणीतरी ती हाताने बघावी लागते, आणि ग्राहकाने विचारल्याशिवाय कधी कधी आठवडे जातात.

दंड नेमका किती

3,480 चे 3,520 कसे झाले हे आत्याला कळत नव्हतं आणि त्यामुळे तिला वाटत होतं की रोज चाळीस रुपये वाढणार. तिने मनातल्या मनात महिन्याचे बाराशे धरले होते.

महाराष्ट्रात विद्युत नियामक आयोगाच्या दर आदेशानुसार मुदतीनंतर भरलेल्या बिलावर 1.25 टक्के विलंब आकार लागतो. तो त्या बिलावर एकदाच लागतो, रोज नाही. 3,480 चे सव्वा टक्का म्हणजे 43 रुपये 50 पैसे. बेरीज होते 3,523.50 आणि बिल दहाच्या पटीत आणल्यावर 3,520. छापील बिलावर 'या तारखेनंतर भरल्यास' अशी ओळ असते, त्यात हीच रक्कम होती. ती ओळ तिने पाहिली नव्हती. थकबाकी बरेच दिवस तशीच राहिली तर तिच्यावर व्याज लागतं, पण आम्ही त्यापासून खूप दूर होतो.

वीज तोडण्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. विद्युत कायदा 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी ग्राहकाला किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कोणी येऊन वायर काढू शकत नाही. त्याच कलमात अशीही सोय आहे की बिलावर वाद असेल आणि ग्राहकाने मागितलेली रक्कम निषेध नोंदवून भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे अगदी नोटीस आली तरी हातात एक पक्का उपाय उरतो.

हे सांगितल्यावर ती जरा शांत झाली. मग म्हणाली, "पण 'आज रात्री साडेनऊला वीज बंद होईल' असा मेसेज आलाय त्याचं काय?"

मी तिला तो मेसेज वाचायला लावला. साध्या मोबाइल नंबरवरून आलेला, ग्राहक क्रमांक नाही, नाव नाही, 'मागील बिल अपडेट नाही, ताबडतोब अधिकाऱ्याला फोन करा' आणि पुढे एक दहा आकडी नंबर. ही जुनी आणि देशभर चाललेली फसवणूक आहे. फोन केला की पलीकडचा माणूस एखादं ॲप उतरवायला लावतो, त्यातून त्याला आपला फोन दिसू लागतो, आणि दहा रुपये 'भरून बघा' असं सांगून पिन टाकताना खातं रिकामं करतो. एरवी आत्या फसली नसती. पण तिचं बिल खरंच बाकी दिसत होतं, म्हणून तो खोटा मेसेज तिला खरा वाटला. तिने तो नंबर लावला नव्हता, फक्त लिहून ठेवला होता. तो कागद मी फाडायला सांगितला.

पुन्हा भरायचं का

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि त्याचं एकच उत्तर नाही. पहिला भरणा कुठल्या स्थितीत आहे त्यावर ते अवलंबून असतं.

ॲपवर 'Failed' दिसत असेल आणि पैसे मात्र गेले असतील, तर ते परत येण्याची वाट बघायची. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार यूपीआयवरून व्यापाऱ्याला दिलेले पैसे खात्यातून गेले पण पलीकडे पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते, तीही न मागता. या स्थितीत बिल खरंच भरलेलं नसतं. मुदत जवळ असेल तर लगेच दुसऱ्या मार्गाने भरून टाकावं, पहिली रक्कम परत येणारच आहे.

'Success' असेल तर उलट. पैसे वीज कंपनीच्या बाजूला पोचलेले असतात, ॲपला ते मागे घेता येत नाहीत, आणि इथे मागायचं ते 'पैसे परत द्या' असं नसून 'जमा दाखवा' असं असतं. हा फरक तक्रारीत लिहिताना चुकला की तक्रार भलत्याच टेबलावर जाते. पुन्हा भरलं तरी पैसे बुडत नाहीत, जास्तीची रक्कम पुढच्या बिलात वजा होते. पण दोन भरणे दिसू लागले की नेमका कोणता अडकलाय हे शोधणं अवघड होतं. आत्याच्या बाबतीत दंड चाळीस रुपयांचा आणि पुन्हा भरायची रक्कम साडेतीन हजारांची. मी नको म्हटलं.

सगळ्यात फसवी स्थिती 'Processing'ची असते. तिथून व्यवहार कुठेही वळू शकतो. एक-दोन दिवसांनी पैसे गुपचूप खात्यात परत येतात, मेसेज दहा मेसेजांमध्ये हरवतो, आणि माणूस हातात पहिल्या दिवशीचा बँकेचा मेसेज धरून वीज कंपनीशी भांडत राहतो. त्याचं बिल खरोखर बाकी असतं. म्हणून मी आत्याकडून 18 ते 21 तारखांचं बँकेचं पासबुक पानच मागून घेतलं. वजा झालेले 3,480 होते, जमा झालेले नव्हते. मगच तक्रारीला हात घातला.

तक्रार आणि तिचं उत्तर

पहिली तक्रार ॲपमधून केली. त्याच व्यवहारावर जाऊन, 'मदत' दाबून, 'भरलं पण कंपनीकडे जमा दिसत नाही' हा पर्याय निवडून. इथून केलेली तक्रार त्या व्यवहाराच्या क्रमांकासकट भारत कनेक्टच्या वाटेनेच पलीकडे जाते, आणि तिला क्रमांक मिळतो. कॉल सेंटरवर बोलून अर्धा तास घालवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरी थेट वीज कंपनीच्या तक्रारीच्या ईमेलवर. आत्या आधी दोन पानं लिहायला बसली होती, त्यात तिने पस्तीस वर्षांत एकही बिल चुकवलं नाही हेही होतं. ते खरंच आहे आणि तिला त्याचा अभिमान आहे, पण ओळ शोधणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. आम्ही एवढंच पाठवलं:

"ग्राहक क्रमांक (बिलावरचा). 3,480 रुपयांचं बिल 18 तारखेला रात्री 11:52 ला ॲपवरून भरलं. B-Connect Txn ID सोबतच्या पावतीवर आहे. रक्कम खात्यातून गेली आहे आणि परत आलेली नाही. ही रक्कम माझ्या खात्यात 18 तारखेच्या भरण्याप्रमाणे जमा दाखवावी आणि लावलेला विलंब आकार रद्द करावा. सोबत पावती आणि बँकेच्या खात्याचं पान."

'18 तारखेच्या भरण्याप्रमाणे' हे शब्द मी मुद्दाम घातले. कारण पुढे काय होणार याचा अंदाज होता.

चार दिवसांनी, 25 तारखेला, ॲपमधली तक्रार 'निकाली' झाली. आत्याने संकेतस्थळ उघडलं आणि आनंदाने मला फोन केला. मी देय रक्कम विचारली. "चाळीस रुपये दाखवतंय," ती म्हणाली.

तेच झालं होतं. सस्पेन्समधली ओळ बाहेर आली, पण ती 19 तारखेला जमा झाली असं धरून. 3,520 मधून 3,480 गेले, विलंब आकार तसाच राहिला. ॲपच्या दृष्टीने तक्रार संपली होती, कारण रक्कम जमा झाली होती. तारखेचा प्रश्न ॲपचा नव्हताच, तो वीज कंपनीच्या खात्यातला होता.

"चाळीसच तर आहेत, भरून टाकते," आत्या म्हणाली. त्यात गैर काही नव्हतं आणि मी तिला अडवणार नव्हतो. फक्त एवढं म्हटलं की ईमेलमध्ये दंडाची मागणी आधीच लिहिलेली आहे, तिचं उत्तर आलेलं नाही. उत्तर येईपर्यंत थांब, चाळीस रुपये कुठे पळून जात नाहीत. मग त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळी जोडल्या: रक्कम जमा झाली, धन्यवाद, पण भरण्याची वेळ पावतीप्रमाणे 18 तारीख रात्री 11:52 आहे, तेव्हा मुदतीत भरलेलं धरून 40 रुपये वजा करावेत. सोबत ते तीन टप्पे दिसणाऱ्या पानाचं चित्र.

हे चित्र काढून ठेवणं निर्णायक ठरलं असं मला वाटतं. पावतीवर एकच वेळ असते आणि ती भरण्याची की पोचेची, यावर वाद घालता येतो. टप्प्यांच्या पानावर दोन्ही वेळा स्वतंत्र दिसतात, त्यामुळे उशीर ग्राहकाकडून झाला नाही हे बघताक्षणी कळतं.

उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी होती वीज कंपनीचा ग्राहक तक्रार निवारण मंच, जो विद्युत कायद्याच्या कलम 42 खाली प्रत्येक वीज वितरण कंपनीला ठेवावाच लागतो, आणि त्याच्याही वर विद्युत लोकपाल. बँक किंवा ॲपच्या बाजूची चूक असती आणि तीस दिवसांत उत्तर मिळालं नसतं, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आलं असतं. चाळीस रुपयांसाठी आम्ही तिथवर गेलो नसतो हे खरं. पण एखाद्या दुकानाचं ऐंशी हजारांचं बिल असं अडकलं तर सव्वा टक्का म्हणजे हजार रुपये होतात, आणि तेव्हा हीच वाट लागते.

पुढच्या महिन्याचं बिल येईपर्यंत कंपनीकडून काहीच कळलं नाही. मग एका सकाळी आत्याने कागदी बिलाचा फोटो पाठवला. वरच्या भागात नव्या महिन्याची रक्कम, खाली 'समायोजित रक्कम' या ओळीत उणे 40, आणि थकबाकीच्या ओळीत शून्य. शून्याभोवती तिने पेनाने गोल काढला होता.

त्याच संध्याकाळी तिने नवं बिल भरलं. मुदतीला अजून नऊ दिवस होते. भरल्यावर मला पावती पाठवली आणि खाली विचारलं, "यातला लांब नंबर कोणता, तो वहीत लिहून ठेवते."